दहा पाहुणे, गोल मेज आणि हिशेबातून निसटलेली एक मांडणी: एका घटक चाचणीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण तालुक्याच्या गावातील एका कनिष्ठ महाविद्यालयात घडले. तेथे मी अकरावीच्या विज्ञान शाखेला गणित शिकवते. संस्थेचे, सहकाऱ्यांचे आणि विद्यार्थिनींचे नाव येथे दिलेले नाही, मात्र प्रश्न, त्यातील आकडे आणि माझ्या हातून झालेली चूक जशीच्या तशी मांडली आहे.

वर्तुळाकार मांडण्यांचा भाग वर्गात शिकवून झाला होता. त्यात दोन गोष्टी मी विस्ताराने समजावल्या होत्या. पहिली अशी की, दहा वेगवेगळ्या व्यक्ती एका रांगेत १०! प्रकारे बसतात, गोल मेजाभोवती मात्र सर्वांनी मिळून एकेक खुर्ची सरकल्याने शेजारी बदलत नाहीत, म्हणून प्रत्येक बैठक दहा वेळा मोजली जाते आणि खरी संख्या १०!/१० म्हणजे ९! इतकी उरते. दुसरी अशी की, दहांपैकी चार वस्तू एकसारख्या आणि उरलेल्या सहा एकमेकींहून वेगळ्या असतील, तर त्या चारांच्या आपसातील अदलाबदलीने काहीच बदलत नाही, म्हणून आणखी ४! ने भागायचे, ९!/४! = १५१२०. ही दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. पुढे जे चुकले ते दुसऱ्या नियमाच्या मर्यादेबाहेर पाऊल टाकल्यामुळे, आणि ते पाऊल विद्यार्थ्यांच्या आधी मी टाकले होते.

प्रश्न कसा तयार झाला

घटक चाचणीसाठी मला पुस्तकाबाहेरचा एक प्रश्न हवा होता. एकादशीच्या दुपारच्या जेवणाचा प्रसंग मी निवडला. काही पाहुण्यांचा उपवास आहे, काहींचा नाही. वाढप्याला पाहुण्यांची नावे ठाऊक नाहीत, त्याला फक्त कोणत्या खुर्चीपुढे उपवासाचे ताट ठेवायचे आणि कोणत्या खुर्चीपुढे नेहमीचे, एवढेच पाहायचे आहे. मेज फिरवून एकमेकींशी जुळणाऱ्या मांडण्या एकच धरायच्या, मात्र डावे-उजवे उलटून जुळणाऱ्या वेगळ्या धरायच्या, असे प्रश्नात स्पष्ट लिहिले होते.

पहिल्या मसुद्यात पाहुणे आठ होते, त्यांपैकी चौघांचा उपवास. उत्तरसूची लिहायला बसले तेव्हा आठ खुर्च्यांतून चार निवडण्याचे प्रकार ७० आले, आणि फिरवण्यासाठी ८ ने भागल्यावर ८.७५ आले. मांडण्यांची संख्या अपूर्णांकात येऊ शकत नाही हे उघड होते. त्या क्षणी मी असा विचार केला की आकडे जुळत नाहीत, दुसरे घ्यावेत. मी पाहुणे दहा केले, उपवासाचे चार आणि नेहमीचे जेवण घेणारे सहा. दहांतून चार निवडण्याचे प्रकार २१०, भागिले १०, उत्तर २१. वर्गातल्या नियमाने पाहिले तरी ९!/(४! × ६!) = २१ येत होते. दोन वाटांनी एकच पूर्णांक मिळाल्यावर मला शंका राहिली नाही. त्या दोन वाटा प्रत्यक्षात एकच आहेत, एकाच भागाकाराचे दोन पोशाख आहेत, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

या प्रकरणातला पहिला आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा निर्णयबिंदू येथेच होता. पद्धत सदोष आहे हे ८.७५ हा आकडा सरळ सांगत होता. मी पद्धत तशीच ठेवली आणि तो दोष दाखवणारे आकडे बदलले. विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी प्रश्नपत्रिका व उत्तरसूची तपासली, परंतु त्यांच्यासमोर फक्त २१ हा नीटनेटका आकडा होता. आठ पाहुण्यांचा मसुदा त्यांनी पाहिलाच नव्हता.

अडचण कशी पुढे आली

चाचणीत या उपप्रश्नाला ४ गुण होते. बहुतेकांनी २१ लिहिले. काहींनी २१० लिहून फिरवण्याचा विचार सोडून दिला होता, त्यांना पायरीचा एक गुण मिळाला. एका विद्यार्थिनीने कोणतेही सूत्र न वापरता पान भरून यादी केली होती आणि शेवटी २२ लिहिले होते. यादीत कोठेतरी एक मांडणी दोनदा आली असावी असे गृहीत धरून मी तिला १ गुण दिला. ती कोणती, हे मी शोधले नाही.

उत्तरपत्रिका परत दिल्यानंतर ती मधल्या सुट्टीत शिक्षक-कक्षात आली. तिचे म्हणणे अगदी थोडक्यात होते. “मॅडम, यातली कोणती मांडणी दोनदा आली आहे ते मला सापडत नाही. तुम्ही दाखवाल का?”

तिची पद्धत येथे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सर्व काही तिच्यावर उभे राहिले. तिने उपवासाच्या चार पाहुण्यांना मेजाभोवती खांब मानले होते आणि घड्याळाच्या दिशेने जाताना एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत नेहमीचे जेवण घेणारे किती जण बसतात, ते लिहिले होते. असे चार आकडे मिळतात, त्यांची बेरीज नेहमी ६ असते, आणि मेज फिरवले की हे चार आकडे फक्त चक्राकार सरकतात. म्हणून ६ चे चार भाग करायचे, शून्यही चालते, आणि प्रत्येक गटाच्या चक्राकार वेगळ्या मांडण्या मोजायच्या. तिची मोजणी अशी होती: ६,०,०,० ची एक, ५,१,०,० च्या तीन, ४,२,०,० च्या तीन, ४,१,१,० च्या तीन, ३,३,०,० च्या दोन, ३,२,१,० च्या सहा, ३,१,१,१ ची एक, २,२,२,० ची एक, आणि २,२,१,१ च्या दोन. बेरीज २२.

मी तिच्यासमोर ती यादी तपासू लागले. सुट्टी संपेपर्यंत मला पुनरावृत्ती सापडली नाही. मी तिला सांगितले की उद्या उत्तर देते, आणि तिचे पान माझ्याकडे ठेवून घेतले. दुसरा निर्णयबिंदू हा होता. “सूत्राने २१ येते, म्हणून यादी चूक आहे” असे म्हणून तिला परत पाठवणे त्या घटकेला सोपे होते आणि तसे करण्याचा मोह मला झाला, हे येथे नोंदवते. तिचा प्रश्न मात्र असा होता की त्याला सूत्र हे उत्तर होऊ शकत नव्हते. तिने एक ठोस वस्तू मागितली होती, दोनदा आलेली मांडणी. ती दाखवता येत नसेल तर चूक तिची आहे असे म्हणण्याचा मला अधिकार नव्हता.

चूक नेमकी कोठे होती

त्या संध्याकाळी मी यादीतील प्रत्येक मांडणी घेऊन ती एकेक खुर्ची फिरवत गेले आणि किती फिरवण्यांनंतर ती पुन्हा मूळ रूपात येते ते लिहीत गेले. उपवासाच्या ताटाला “उ” आणि नेहमीच्या ताटाला “न” म्हटले. वीस मांडण्यांच्या बाबतीत दहा वेळा फिरवल्यावरच मूळ चित्र परत आले, म्हणजे त्यांतील प्रत्येक मांडणी २१० च्या मोजणीत दहा वेळा आलेली होती. दोन मांडण्या मात्र वेगळ्या निघाल्या.

पहिली: उ न न न उ उ न न न उ
दुसरी: उ न न उ न उ न न उ न

या दोन्हींमध्ये मेजाचा अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्या भागाची हुबेहूब नक्कल आहे. पाच खुर्च्या फिरवल्या की चित्र जसेच्या तसे परत येते, म्हणून २१० मध्ये अशी प्रत्येक मांडणी दहा वेळा येत नाही, पाचच वेळा येते. विद्यार्थिनीच्या यादीत त्यांची रूपे ३,०,३,० आणि २,१,२,१ अशी होती. तेथेही अर्धा भाग पुन्हा येतो हे डोळ्यांना लगेच दिसते. हिशेब पूर्ण जुळला: २० मांडण्या प्रत्येकी १० वेळा आणि २ मांडण्या प्रत्येकी ५ वेळा, मिळून २१०.

१० ने भागताना आपण प्रत्येक मांडणी दहा वेळा आली आहे असे धरून चालतो. पाचच वेळा आलेल्या मांडणीला त्या भागाकारात पूर्ण एक मिळत नाही, अर्धाच मिळतो. वीस पूर्ण, एक अर्धी आणि आणखी एक अर्धी, बेरीज २१. दोन अर्ध्या मिळून एक पूर्णांक झाल्यामुळे उत्तर निर्दोष दिसले. आठ पाहुण्यांच्या मसुद्यात असे झाकले गेले नव्हते. तेथे आठ मांडण्या पूर्ण फेऱ्याच्या आहेत. “उ उ न न” दोनदा घेतलेली मांडणी चार फिरवण्यांनी परत येते, तिला अर्धा मिळतो. आणि एकाआड एक “उ न” अशी मांडणी दोनच फिरवण्यांनी परत येते, तिला पाव मिळतो. आठ, अर्धा आणि पाव मिळून ८.७५, आणि खरी संख्या १०. मी टाकून दिलेल्या त्या आकड्यात हे सर्व लिहिलेले होते.

मग नावानिशी बसणाऱ्या दहा पाहुण्यांसाठी ९! बरोबर का येते? कारण तेथे एक खुर्ची जरी फिरवली तरी प्रत्येक खुर्चीवर दुसरी व्यक्ती येते आणि दहा फिरवण्यांपूर्वी मूळ चित्र परत येणे अशक्य असते. चार एकसारखी ताटे आणि सहा वेगळ्या व्यक्ती असतील तरीही एखादी वेगळी व्यक्ती खुणेसारखी उभी असते. ती मूळ खुर्चीवर येईपर्यंत चित्र परत येत नाही. नियम मोडतो तो अशी एकमेव खूण उरत नाही तेव्हा, आणि तेव्हाही प्रत्येक वेळी नाही. ताटांचे दोनच प्रकार असतील, तर दोन्ही संख्यांना एकापेक्षा मोठा सामाईक विभाजक आहे का, एवढे पाहिले की पुरते. ४ आणि ६ ला २ हा सामाईक विभाजक आहे, म्हणून अर्धे-अर्धे सारखे मेज तयार होऊ शकते. उपवासाचे ३ आणि इतर ७ असते, तर असे कोणतेही सारखे तुकडे पडले नसते आणि १२०/१० = १२ हे उत्तर पूर्णपणे बरोबर ठरले असते.

या प्रकारच्या मोजणीची सर्वसाधारण रीत गणितात जुनीच आहे. प्रत्येक फिरवणीने किती मांडण्या जशाच्या तशा राहतात ते मोजायचे आणि त्यांची सरासरी घ्यायची. येथे शून्य फिरवणीला २१०, पाच खुर्च्यांच्या फिरवणीला १० (समोरासमोरच्या पाच जोड्यांतून दोन निवडायच्या), आणि उरलेल्या आठ फिरवण्यांना शून्य. २२० भागिले १०, म्हणजे २२. बर्नसाइड यांच्या नावाने ओळखले जाणारे हे प्रमेय त्यांच्याआधी कोशी आणि फ्रोबेनिअस यांना माहीत होते. पदव्युत्तर वर्गात ते मी स्वतः शिकले होते, तरी जेवणाच्या मेजाच्या प्रश्नात ते मला आठवले नाही, कारण फिरवणे म्हटले की १० ने भागणे ही सवय हातात बसली होती.

दुसऱ्या दिवशी संगणकशास्त्र शिकवणाऱ्या सहकाऱ्यांनी माझ्या विनंतीवरून छोटा प्रोग्राम लिहून पडताळणी केली. तो प्रत्येक निवडीची दहाही फिरवलेली रूपे काढतो, त्यांतील सर्वांत लहान रूप त्या मांडणीची ओळख म्हणून ठेवतो आणि वेगळ्या ओळखी मोजतो.

```python
from itertools import combinations

def olakh(s):
    return min(tuple(sorted((x + r) % 10 for x in s))
               for r in range(10))

print(len({olakh(s) for s in combinations(range(10), 4)}))
```

उत्तर २२ आले.

समोर असलेले पर्याय

गणिताचा भाग मिटला, तरी गुणांचा प्रश्न उरला. विभागात आम्ही तिघांनी त्यावर चर्चा केली. उपप्रश्न रद्द करून सर्वांना ४ गुण द्यावेत, हा पहिला प्रस्ताव होता. त्यात तंटा नव्हता, परंतु ज्या एका मुलीने तो बरोबर सोडवला तिचे काम त्यामुळे पुसले गेले असते, आणि प्रश्नात तर काहीच दोष नव्हता; दोष उत्तरसूचीत होता. २२ ला पूर्ण गुण देऊन २१ चे गुण कमी करावेत, हा दुसरा. गणिताच्या दृष्टीने तो सर्वांत सरळ, पण २१ लिहिणाऱ्यांनी मी फळ्यावर शिकवलेला नियम मी नेला तेवढाच पुढे नेला होता, आणि एकदा जाहीर झालेले गुण माझ्या चुकीसाठी कापणे मला मान्य नव्हते. तिसरा प्रस्ताव दोन्ही उत्तरे ग्राह्य धरण्याचा होता. ज्येष्ठ सहकाऱ्यांचा त्याला ठाम विरोध होता. “दोन उत्तरे बरोबर आहेत असे मुलांना वाटले, तर मोजणी या विषयाचा अर्थच उरत नाही,” असे ते म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे मला पटले.

शेवटी आम्ही गुण आणि सत्य यांची गल्लत होऊ न देण्याचे ठरवले. २२ ला पूर्ण ४ गुण द्यायचे. २१ ला आधी दिलेले गुण तसेच ठेवायचे. आणि वर्गात २१ हे उत्तर चूक आहे व ती चूक उत्तरसूचीची आहे, असे निःसंदिग्ध सांगायचे.

प्रत्यक्ष कृती

पुढच्या तासाला मी स्वयंपाकघरातील परात, चार चिंचोके आणि सहा पांढरे खडे घेऊन गेले. परातीच्या काठाशी समान अंतरावर दहा खुणा केल्या होत्या. आधी एक साधी मांडणी ठेवली, चारही चिंचोके शेजारी-शेजारी. एक विद्यार्थी परात एकेक खूण फिरवत गेला आणि दुसरा प्रत्येक वेळी माझ्या बाजूच्या खुणेपासून सुरू होणारी ओळ फळ्यावर लिहीत गेला. दहा वेगळ्या ओळी झाल्या, अकरावी पहिल्यासारखी. नंतर “उ न न उ न” दोनदा अशी मांडणी ठेवली. सहावी ओळ पहिल्या ओळीसारखी आली तेव्हा लिहिणारा मुलगा थांबला आणि आपण चुकलो का असे म्हणून त्याने सगळ्या ओळी पुन्हा तपासल्या. समजावण्यात मी जेवढा वेळ घालवणार होते, तो सगळा त्या थांबण्याने वाचवला.

मग मी ज्या विद्यार्थिनीची यादी होती तिला तिची पद्धत फळ्यावर मांडायला सांगितले, आणि त्यानंतर वर्गाला आठ पाहुण्यांचा माझा जुना मसुदा दाखवला. ८.७५ मधील पाऊण कोठून आला ते शोधा, एवढेच काम दिले. दोन बाकांनी तास संपण्यापूर्वी एकाआड एक मांडणी शोधून काढली. “उ उ न न” ची मांडणी एकाच गटाला सापडली.

परिणाम

उत्तरपत्रिकांची फेरतपासणी करताना २२ असे उत्तर दुसऱ्या कोणाचे नव्हते. तिचे गुण वाढले आणि इतर कोणाचेही कमी झाले नाहीत. सत्रअखेरच्या परीक्षेत मी याच जातीचा प्रश्न घातला: सहा खुर्च्या, उपवासाचे तीन, नेहमीचे तीन. भागाकार २०/६ येतो, म्हणून तेथे लपायला जागा नव्हती; खरे उत्तर ४. निम्म्याहून अधिक मुलांनी यादी करून उत्तर काढले. मात्र काही जणांनी २०/६ = ३.३३ काढून ते “सुमारे ३” असे पूर्णांकात आणले. उत्तर पूर्णांक असले पाहिजे हे त्यांना समजले होते, पण अपूर्णांक आल्यावर मागे वळून पद्धत तपासायची हे समजले नव्हते. मसुदा लिहिताना मी नेमके हेच केले होते, फक्त मी आकडा गोल न करता आकडे बदलले.

वेगळे काय करता आले असते

प्रश्न तयार करताना लहान आकड्यांवर हाताने यादी करून पाहणे, हे सर्वांत आधी करायला हवे होते. चार खुर्च्या, दोन उपवासाचे आणि दोन इतर, एवढ्या छोट्या मेजावर भागाकार ६/४ = १.५ देतो आणि खऱ्या मांडण्या दोन आहेत: उपवासाचे दोघे शेजारी, किंवा समोरासमोर. दोन मिनिटांत पद्धत मोडली असती. दुसरे, उत्तरसूची तपासायला देताना टाकून दिलेला मसुदाही सहकाऱ्यांना दाखवायला हवा होता, त्यांना ८.७५ दिसला असता तर त्यांनी कारण विचारले असते. तिसरे, शिकवताना “एकसारख्या वस्तूंच्या संख्येच्या फॅक्टोरियलने भागा” या नियमासोबत किमान एक वस्तू इतर सर्वांहून वेगळी असली पाहिजे, ही अट मी उच्चारली नव्हती. आता ती मी नियमाच्या आधी सांगते.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. फेरतपासणीत आणखी एक उत्तरपत्रिका हाती आली. त्या मुलीने सूत्राने २१ काढले होते, बाजूला यादी करून २२ पर्यंत पोहोचली होती, दोन्ही जुळत नाहीत हे पाहून तिने दोन्ही खोडले आणि जागा कोरी सोडली होती. खोडलेले काम तपासायचे नाही हा आमचा नियम आहे, आणि त्या नियमाने तिला शून्य मिळाले. तो नियम मी त्या दिवशी मोडला नाही. तिला बोलावून तिची यादी बरोबर होती हे सांगितले, तेव्हा तिने विचारले की मग त्यातले कोणते खोडायला हवे होते हे तिला परीक्षेत कसे कळले असते. मी तिला परातीवरच्या त्या दोन मांडण्या पुन्हा ठेवून दाखवल्या. गुणपत्रिकेतील तिचे शून्य तसेच आहे.